बी.कॉम., ११ वर्षांचा खंड आणि फुकटचे व्हिडिओ: अकाउंट्सचं काम खरंच शिकता येईल का? (ऐरोली)

आरती_ऐरोली | ५ जानेवारी, दुपारी १:१०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बी.कॉम. झाल्यावर तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे २०१४ पर्यंत अकाउंट्स बघत होते. टॅली ईआरपी ९ वर एन्ट्र्या, चलनं, बँकेचं टिपण, एवढंच. मग मोठीच्या वेळी सोडलं, नंतर धाकटा, नंतर सासूबाईंचं आजारपण. आता धाकटा शाळेत रमलाय आणि सकाळी साडेदहा ते साडेबारा घर माझं एकटीचं असतं.

मला सीएच्या ऑफिसात किंवा महापे, वागळे इस्टेटकडे एखाद्या लहान कंपनीत अकाउंट्सचं काम हवंय. अडचण अशी की मी सोडलं तेव्हा व्हॅट होता. जीएसटी मी फक्त बिलावर बघितलाय. स्टेशनजवळच्या एका क्लासने तीस हजार सांगितले, तेवढे आत्ता द्यायचे नाहीत.

फुकट व्हिडिओ कोर्स खूप आहेत, पण नेमकं कुठे शिकावं? घरी नवऱ्याचा जुना लॅपटॉप आहे. मोबाईलवर भागेल का?

---

केळफूल | ५ जानेवारी, दुपारी १:४२

भागतं ना. मी मोबाईलवर चौदा कोर्सना नाव घातलंय. एकही पूर्ण केला नाही, पण 'स्वागत आहे' वाले पहिले व्हिडिओ सगळे पाठ आहेत.

---

सह्याद्री७७ | ५ जानेवारी, दुपारी २:०५

ताई, सरळ स्वयम् वर जा. सरकारी आहे, सगळं फुकट आणि सर्टिफिकेटही फुकट. सरकारी शिक्का असला की कुठलाही सीए घेतो. बाकी युट्यूब वगैरे टाइमपास.

---

नंदिनी_वाशी | ५ जानेवारी, दुपारी ३:३०

एक सावधगिरी. मी एका 'फुकट' कोर्सवाल्या ॲपवर खरा नंबर टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून 'मॅडम, फक्त आजच्या दिवस ऐंशी टक्के सूट' असे फोन. वरण उकळतंय आणि पलीकडचा मुलगा मला करिअरचा मार्ग दाखवतोय! महिनाभर चाललं ते. नाव घालायचंच असेल तर वेगळा ईमेल काढा आणि नंबर मागितला तर सरळ बाहेर पडा. जिथे खरंच फुकट आहे तिथे बहुतेक वेळा नंबर लागतच नाही.

---

भाऊसाहेब_कळवा | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या नादी लागू नका ताई. माझ्या मेहुणीने 'रजिस्ट्रेशन फी' म्हणून पैसे भरले आणि पुढे काहीच नाही.

---

केळफूल | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

भाऊसाहेब, त्या घराबाहेर पडून काम करायचं म्हणतायत. पण मुद्दा चुकीचा नाही, राहू द्या.

---

मुकुंद_नौपाडा | ५ जानेवारी, रात्री १०:४०

आरतीताई, मी ठाण्यात एका सीए फर्ममध्ये एकवीस वर्षं आहे. नव्या माणसाला पहिल्यांदा मीच बसवतो, म्हणून उलट्या बाजूने सांगतो: आम्ही काय बघतो ते.

आमच्याकडे सर्टिफिकेट कोणी उघडूनही बघत नाही. आम्ही दहाबारा खरेदीची बिलं देतो, जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली २बी ची, म्हणजे विक्रेत्यांनी सरकारकडे दाखवलेल्या बिलांच्या यादीची, एक्सेल फाईल देतो आणि सांगतो, 'जुळवा. जे जुळत नाही त्याचं कारण लिहा.' चाळीस मिनिटं. लहान ऑफिसात महिन्याचं निम्मं काम हेच असतं.

तुम्ही व्हॅटच्या काळातल्या, म्हणून थोडं मागचं. विक्रेता ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१ भरतो, म्हणजे कोणाला काय विकलं ते सांगतो. त्यावरून १४ तारखेला खरेदीदाराची २बी तयार होते. खरेदीदार २० तारखेपर्यंत ३बी हे महिन्याच्या कराचं विवरणपत्र भरतो आणि खरेदीवर दिलेला कर त्यात वजा करून घेतो. (हे दर महिन्याला भरणाऱ्यांचं, तिमाहीवाल्यांच्या तारखा निराळ्या.) १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की बिल २बी मध्ये दिसलं नाही तर तो कर वजा मिळत नाही. बिल तुमच्या हातात आहे, पैसे दिलेत, तरीही नाही. त्यामुळे १४ ते २० या सहा दिवसांत जो पटकन आणि बिनचूक जुळवू शकतो त्याला काम आहे. सर्टिफिकेटवाले खूप येतात, जुळवणारे फार थोडे.

म्हणून 'कुठला कोर्स' हे विचारण्याआधी 'कुठला व्हिडिओ थांबवून मी तेच हाताने करू शकते' हे विचारा. मोबाईलवर बघता येईल, पण करायला लॅपटॉपच लागेल.

सह्याद्री, स्वयम् वर शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेट नाही. तिथल्या एनपीटीईएलच्या कोर्सला परीक्षेची फी १००० रुपये असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. शिवाय कोर्स आठवड्या-आठवड्याने उघडतो, असाइनमेंटच्या तारखा असतात. कॉमर्सचा पाया पक्का करायला चांगला, पण मार्चपर्यंत खुर्ची हवी असेल तर तो रस्ता लांबचा आहे.

---

सह्याद्री७७ | ५ जानेवारी, रात्री ११:०२

फीचं माहीत नव्हतं. पण शिक्का चालतो, हे मी तरी बघितलंय. माझ्या भाचीला चालला.

---

मुकुंद_नौपाडा | ५ जानेवारी, रात्री ११:१५

भाची कॉलेजात असेल तर क्रेडिट म्हणून चालतो, खरंय. अकरा वर्षांनी परत येणाऱ्याचं गणित वेगळं.

---

मीनल_खारघर | ६ जानेवारी, सकाळी ११:२०

माझं क्षेत्र अकाउंट्स नाही, मी डिझाइनकडे गेले, पण एक जागा सांगते. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, spoken-tutorial.org. चक्क मराठीत. तिथे मी इंकस्केप शिकले आणि आता सोसायट्यांच्या हळदीकुंकवाच्या पत्रिका करते. संक्रांत तोंडावर आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही!

व्हिडिओ दहा मिनिटांच्या आसपासचे असतात. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवायचं आणि ते जे करतात ते लगेच करायचं. तोंडाने बडबड नाही, 'आमच्या चॅनेलला सबस्क्राइब करा' नाही. एक्सेल नाही, पण लिब्रे ऑफिस कॅल्क आहे, साधारण तसंच. आवृत्ती जुनी आहे, त्यामुळे मेनू कुठे कुठे सरकलेले दिसतील. घाबरू नका.

---

पुणेरी_पाटी | ६ जानेवारी, दुपारी १२:००

'तोंडाने बडबड नाही' असं मराठीत काहीतरी आहे हे ऐकून धक्का बसला.

---

आरती_ऐरोली | ६ जानेवारी, दुपारी १२:४५

सगळ्यांचे आभार. मुकुंददादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं सांगायचं तर २बी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला.

दोन शंका. टॅली घरी कुठून आणू, लायसन्स महाग आहे ना? आणि युट्यूबवर टॅलीचे व्हिडिओ लावले तर पडदा माझ्या ओळखीचा वाटतो. म्हणजे मला अजून येतंय म्हणायचं की व्हिडिओ जुना आहे?

---

सह्याद्री७७ | ६ जानेवारी, दुपारी १:०५

टॅलीचं फुकटवालं एज्युकेशन मोड आहे, पण त्यात काहीच करता येत नाही. तारीखच घेत नाही.

---

मुकुंद_नौपाडा | ६ जानेवारी, रात्री ९:५०

अर्धं बरोबर. टॅलीप्राइम कंपनीच्या साइटवरून उतरवा आणि लायसन्स विचारलं की एज्युकेशनल मोड निवडा. त्यात व्हाउचरला महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात, बाकी सरावापुरतं बहुतेक सगळं चालतं. सरावाला बिलावरची तारीख काहीही असो, नोंद १ ला करायची. फक्त बँक जुळवणी त्यात नीट शिकता येत नाही, कारण चेक कधी दिला आणि कधी वटला यातल्या दिवसांवरच तो खेळ असतो. तो भाग ऑफिसात शिकाल.

पडदा ओळखीचा वाटतो, कारण व्हिडिओ जुना आहे! टॅलीप्राइम २०२० च्या शेवटी आलं. त्याआधीचे सगळे व्हिडिओ तुमच्या ईआरपी ९ चे. तरी F8 विक्री, F9 खरेदी, F5 पेमेंट, F6 रिसीट तेच आहे, बोटं विसरलेली नसतील. नव्यात वर 'Go To' दिसतं, Alt+G दाबलं की कुठलाही रिपोर्ट नावाने शोधता येतो. व्हिडिओत ते दिसलं नाही तर बदला.

दुसरी खूण कराच्या दराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, मुख्यत्वे ५ आणि १८ उरले आणि काही मोजक्या वस्तूंना ४०. जो व्हिडिओ २८ टक्क्यांची नोंद शिकवतो तो त्याआधीचा. नोंदीची रीत तीच असल्यामुळे तो अगदीच टाकाऊ नाही, पण दर त्यातून पाठ करू नका.

---

केळफूल | ६ जानेवारी, रात्री १०:१०

म्हणजे दुधासारखं व्हिडिओच्या पिशवीवरची तारीख बघून घ्यायचं.

---

आरती_ऐरोली | १९ जानेवारी, दुपारी १२:२०

दोन आठवड्यांनी येतेय. रोज दोन तास नाही जमले, संक्रांतीत चार दिवस तिळाच्या वड्यांत गेले. पण काय केलं ते सांगते.

स्पोकन ट्युटोरियलवरचे कॅल्कचे व्हिडिओ मराठीत बघितले. लॅपटॉपवर एक्सेल नव्हतं म्हणून लिब्रे ऑफिसच घातलं. मग युट्यूबवर एका बाईंचा २बी जुळवण्याचा व्हिडिओ लावला. धाकट्या दिरांचं कळव्याला हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांना विचारून डिसेंबरची खरेदीची बिलं आणि त्यांची २बी ची फाईल घेतली. ४२ बिलं.

व्हिडिओत दाखवलं तसं दुसऱ्या यादीतून शोधून आणणारं VLOOKUP हे सूत्र घातलं. सगळ्या ४२ समोर आकडे आले! आनंदाने दिरांना फोन केला की सगळं जुळलं. मग सहज पहिलं बिल बघितलं. पाइपवाल्याच्या बिलासमोर रंगवाल्याचा कर आलेला. दुसरंही तसंच. आता कळत नाहीये की चुकलं कुठे. फोन केला त्याची लाज वाटतेय ती वेगळीच.

---

मुकुंद_नौपाडा | १९ जानेवारी, रात्री १०:०५

लाज कसली! आमच्याकडे एका मुलाने अशी फाईल थेट साहेबांना पाठवली होती.

तुम्ही शेवटचा FALSE लिहिला नसणार. तो गाळला की सूत्र 'जवळपासचं' उत्तर शोधतं आणि तेही यादी क्रमाने लावलेली आहे असं धरून. यादी तशी नसेल तर कुठलंही उत्तर देतं आणि चुकलंय असं सांगत नाही. #N/A म्हणजे 'सापडलं नाही' असं आलेलं परवडलं, निदान कळतं तरी. खूप व्हिडिओंत हे घाईत जातं.

आणि फक्त बिल नंबरावर शोधू नका. १०१ नंबरचं बिल तीन जणांचं असू शकतं. विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक खूण तयार करा. दोन्ही पानांवर A मध्ये जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर धरतो. E मध्ये हे लिहा:

```
=TRIM(A2)&"-"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(TRIM(B2)),"/",""),"-","")
```

TRIM ने मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा जातात. बिल नंबरातल्या तिरक्या आणि आडव्या रेघाही जातात, कारण विक्रेता LT/118 लिहितो आणि आपला माणूस LT-118. मग २बी च्या पानावर खूण E मध्ये, करपात्र रक्कम F मध्ये आणि कर G मध्ये ठेवून खरेदीच्या पानावर:

```
=VLOOKUP(E2,'2B'!E:G,3,FALSE)
```

सूत्रात पानाचं नाव 2B धरलंय, तुमचं असेल ते घाला. पोर्टलच्या फाईलमध्ये वरच्या काही ओळींत मथळ्यांचे खण एकमेकांत मिसळलेले असतात. त्यावर काम करू नका, खालचा माल कोऱ्या पानावर चिकटवा. लिब्रे ऑफिसमध्ये पानाच्या नावानंतर ! ऐवजी टिंब घाला आणि सूत्र स्वल्पविराम घेत नसेल तर अर्धविराम घालून बघा, सेटिंगवर असतं ते.

---

सह्याद्री७७ | १९ जानेवारी, रात्री १०:३०

आता XLOOKUP आलंय, VLOOKUP शिकणं म्हणजे म्हातारपण.

---

मुकुंद_नौपाडा | १९ जानेवारी, रात्री १०:४४

XLOOKUP चांगलंच आहे, त्यात FALSE ची भानगडही नाही. पण लहान ऑफिसातल्या यंत्रांवर अजून जुनं एक्सेल आहे, तिथे ते उघडत नाही. आधी म्हातारं शिका, मग तरुण.

---

आरती_ऐरोली | २३ जानेवारी, दुपारी १२:३५

झालं! ४२ पैकी ३१ जुळली, ११ समोर #N/A. आणि या अकरात मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याच व्हिडिओत कळलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सहा बिलांत विक्रेत्याने नंबराच्या मागे २५-२६ असं वर्ष लावलं होतं आणि दिरांच्या मुलाने ते लिहिलंच नव्हतं. रेघा काढून उपयोग झाला नाही, हातानेच दुरुस्त केले.

दोन बिलांचे नंबर 00452 आणि 00467. कॅल्कमध्ये टाइप करताच पुढची शून्यं गायब. त्या रकान्याला आधीच मजकूर असं स्वरूप द्यायला हवं होतं, मग परत टाइप केले.

एकात जीएसटी नंबरमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. हे शोधायला मला अर्धा तास लागला, डोळ्यांना दोन्ही सारखेच! शेवटी लक्षात आलं की नंबर १५ अक्षरी, पहिली दोन महाराष्ट्राची २७ आणि पुढची दहा पॅनची. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. आकड्याच्या जागी ओ बसूच शकत नाही.

उरली दोन. एक बिल २४,००० चं, त्यावर १८ टक्क्यांनी कर ४,३२० रुपये. ते २बी मध्ये कुठेच नाही. दिरांनी फोन लावला तर विक्रेता म्हणतो 'भरायचं राहिलंय, पुढच्या महिन्यात टाकतो'. दिरांना हे माहीतच नव्हतं, ते ४,३२० वजा होतील असं धरून बसले होते. आता वहिनींना चहा मिळायला लागलाय दुकानात!

दुसरं बिल मला अजून कळलेलं नाही. विक्रेता म्हणतो त्याने भरलंय, २बी मध्ये नाही.

---

मुकुंद_नौपाडा | २३ जानेवारी, रात्री ९:३०

उत्तम काम. दुसऱ्या बिलाचं: त्याने कदाचित दुसऱ्याच कोणाच्या जीएसटी नंबरवर भरलं असेल, किंवा दिरांना ग्राहक म्हणून बिननंबरी विक्रीत दाखवलं असेल. दोन्हीत पैसे त्याने भरलेले असतात आणि आपल्याकडे मात्र दिसत नाही. त्याच्याकडून भरलेल्या तपशिलाचा फोटो मागवा. दुरुस्ती त्यालाच करावी लागेल.

---

भाऊसाहेब_कळवा | २३ जानेवारी, रात्री ९:४५

ताई, माझंही दुकान कळव्यालाच. दिरांचं कुठलं?

---

केळफूल | २३ जानेवारी, रात्री ९:५०

भाऊसाहेब, रजिस्ट्रेशन फी भरा आधी.

---

नंदिनी_वाशी | २४ जानेवारी, सकाळी १०:५०

मूळ प्रश्नावर येऊ का? मलाही हेच करायचंय, पण दीर नाहीत आणि दुकानही नाही. इंग्रजी चालतं. एक्सेल कुठे शिकू आणि सरावाला बिलं कुठून आणू?

---

मीनल_खारघर | २४ जानेवारी, सकाळी ११:३०

इंग्रजी चालत असेल तर edu.gcfglobal.org वर एक्सेलचे छोटे धडे आहेत, फुकट, सरावाच्या फाईलसकट. आणि एक्सेल विकत घ्यायला नको, मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं की ब्राउझरमधलं एक्सेल फुकट मिळतं.

---

आरती_ऐरोली | २४ जानेवारी, दुपारी १२:१५

बिलं मी सांगते. घरातल्या ड्रॉवरमध्ये बघा. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, मोबाईल, औषधं. बहुतेकांवर विक्रेत्याचा जीएसटी नंबर असतो. वीस निघतील. त्यांची एक यादी तुम्ही करा, मग नवऱ्याला सांगा की तीच यादी दुसऱ्या पानावर उतरव आणि मला न सांगता पाच ठिकाणी चुका कर. माझ्या नवऱ्याला सहा करायला सांगितल्या होत्या, त्याने नऊ केल्या. तीन त्यालाही माहीत नव्हत्या.

---

मुकुंद_नौपाडा | २४ जानेवारी, रात्री १०:२०

ही युक्ती मी आमच्या ऑफिसात वापरणार.

---

आरती_ऐरोली | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

ठाण्यात राम मारुती रोडच्या बाजूला एका सीएंकडे जाऊन आले. मुकुंददादांनी सांगितलं तसंच, बिलं आणि फाईल. फक्त चाळीसऐवजी तीस मिनिटं आणि एक्सेल, कॅल्क नाही. पहिली पाच मिनिटं मेनू शोधण्यात गेली. पंधरापैकी तेरा जुळवली, एकाचं कारण बरोबर लिहिलं, एक राहिलं. सर्टिफिकेट विचारलं नाही. अकरा वर्षं काय केलं हे मात्र दोनदा विचारलं.

त्यांनी १४ ते २० या दिवसांत यायला सांगितलंय, दोन महिने, मग पुढचं बघू म्हणाले. पैसे कमी आहेत. साडेबाराला निघता येणार नाही, म्हणजे धाकट्याला शाळेतून कोणी आणायचं हे अजून ठरलेलं नाही. सासूबाई म्हणतायत मी आणते, पण त्यांचे गुडघे.

आणि मुकुंददादा, ते दुसरं बिल. विक्रेत्याने फोटो पाठवला. दिरांच्या जुन्या, बंद झालेल्या दुकानाच्या नंबरवर भरलंय. आता?

---

मुकुंद_नौपाडा | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

त्याला पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती टाकायला सांगा. आणि त्याच्या टॅलीमध्ये दिरांच्या खात्यावर जुनाच नंबर असणार, तो बदलायला सांगा, नाहीतर दर महिन्याला हेच होईल. आधीच्या महिन्यांची बिलंही तशीच गेली असतील. काढून बघा.

---

आरती_ऐरोली | १० फेब्रुवारी, रात्री १०:४०

बघितली. नोव्हेंबरची तीन.